बढतीचे अभिनंदन आणि अडकलेले प्रकरण

व्यापारी कुटुंबांत अभिनंदन करण्याची हौस मोठी असते. कोणाची नेमणूक झाली, कोणाला पुरस्कार मिळाला, की हार, पेढे, शाल आणि श्रीफळ यांची तयारी तासाभरात होते. नातेवाइकांच्या आणि समाजबंधूंच्या बाबतीत यात काही वावगे नाही. पण ज्या व्यक्तीशी आपला व्यवहार आहे, जिच्या सहीवर आपले काही काम अवलंबून आहे, तिच्या बढतीच्या वेळी हीच हौस नात्याला बाधते. कशी बाधते, हे बँकेच्या शाखाधिकाऱ्याच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून दिसेल.

सांगलीच्या मार्केट यार्डातील एक हळदीची पेढी डोळ्यांसमोर आणू. दोन भाऊ गादीवर बसतात, थोरल्यांचा मुलगा हिशेब आणि बँक पाहतो. राष्ट्रीयीकृत बँकेत दोन कोटींची कॅश क्रेडिटची मर्यादा आहे. नवी हळद बाजारात येऊ लागली, की शेतकऱ्याला रोख द्यावी लागते, परगावच्या खरेदीदाराकडून येणे मात्र महिना दीड महिना लांबते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये खाते मर्यादेला टेकलेले असते. नेमके याच सुमारास मर्यादेच्या वार्षिक नूतनीकरणाचे कागद बँकेत गेलेले आहेत. आणि त्याच आठवड्यात बातमी येते, की शाखाधिकारी मॅडम तिसऱ्या श्रेणीतून चौथ्या श्रेणीत गेल्या; सीनियर मॅनेजरच्या चीफ मॅनेजर झाल्या.

थोरल्या शेठजींचा पहिला विचार अगदी सरळ असतो. मॅडमनी तीन वर्षे चांगले सांभाळले. तेव्हा एक चांदीचे नाणे, एक उंची साडी, काजूकतलीचा डबा घेऊन शाखेत जावे, चार व्यापारी बरोबर न्यावेत, शाल घालावी, फोटो काढून यार्डाच्या ग्रुपवर टाकावा. जाता जाता नूतनीकरणाचीही आठवण द्यावी, म्हणजे बदलीपूर्वी सही होऊन जाईल. यांतील एकाही गोष्टीमागे कपट नाही. तरीही मॅडमच्या खुर्चीत बसून पाहिले, तर यातील प्रत्येक गोष्ट त्यांना अडचणीत टाकणारी आहे.

बँक अधिकाऱ्यांच्या वर्तणूक नियमांचा रोख असा, की ज्याच्याशी कार्यालयीन संबंध आहे त्याच्याकडून भेटवस्तू घेऊ नये. प्रसंगाने झालेले चहापान वा साधे जेवण भेट मानले जात नाही. नाणे आणि साडी मात्र त्यात बसत नाहीत. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने राष्ट्रीयीकृत बँकेचा अधिकारी लोकसेवक असतो, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरतो. शिक्षा सात वर्षांपर्यंतची असू शकते. पेढ्यांच्या डब्याला कोणी लाच म्हणणार नाही, हे खरे. पण टेबलावर नूतनीकरणाचे प्रकरण, आणि त्याच टेबलावर त्याच पक्षकाराचे चांदीचे नाणे, हे चित्र तिसऱ्या माणसाने पाहिले तर तो काय म्हणेल याची धास्ती अधिकाऱ्याला असते. मग घडते ते असे, की मॅडम डबा शिपायाकरवी परत पाठवतात, शेठजींना अपमान वाटतो, आणि तीन वर्षांचे चांगले नाते एका दुपारी आंबते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, स्वतःवर बालंट नको म्हणून त्या ते प्रकरण हातावेगळे न करता पुढच्या अधिकाऱ्यासाठी ठेवून जातात. शाल घालायला गेलेल्यांना दोन महिन्यांनी कळते, की जे काम आठवड्यात व्हायचे ते नव्या साहेबांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतले आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही, की काम आणि अभिनंदन यांची वाट वेगळी ठेवावी. नूतनीकरणासंबंधी जे बोलायचे ते मुलाने कर्ज विभागातील अधिकाऱ्याशी, नेहमीच्या रीतीने बोलावे: ताळेबंद पोचला का, स्टॉक स्टेटमेंट बाकी आहे का, मूल्यांकनकाराचा अहवाल आला का. अभिनंदन थोरल्यांनी करावे, वेगळ्या दिवशी, आणि त्यात खात्याचा शब्दही नसावा. दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच भेटीत केली, की ऐकणाऱ्याला दुसरे तेवढे ऐकू येते. अभिनंदन ही प्रस्तावना ठरते आणि नूतनीकरण हा विषय.

दुसरी गोष्ट काय लिहावे याची. होय, लिहावे, कारण अशा वेळी फोन जवळजवळ निरुपयोगी असतो. यादी लागते त्या दिवशी अधिकाऱ्याचा फोन सारखा वाजत असतो, आणि दहाव्या फोननंतर कोण काय म्हणाले ते लक्षात राहत नाही. ग्रुपवरचा संदेश तर त्याहून फिका. क्षमापनेच्या दिवशी एकच मजकूर दोनशे जणांना पुढे जातो आणि दोनशे जणांकडून परत येतो, तसे फुलांच्या चित्रांचे आणि जोडलेल्या हातांचे हे संदेश एकाखाली एक साचतात. हाताने लिहिलेले अर्ध्या पानाचे पत्र मात्र वेगळे पडते, कारण ते आता कोणी लिहीत नाही. पत्र पेढीच्या छापील कागदावर नको. तो कागद पाहताच बँकेतला माणूस त्यावर आवक क्रमांक टाकून त्या पक्षकाराच्या फाइलला लावतो. साधा पांढरा कागद, स्वतःचे नाव, एवढे पुरे.

या पत्रात बहुतेक व्यापारी ज्या ठिकाणी घसरतात ती जागा नीट पाहण्यासारखी आहे. कृतज्ञता दाखवायची म्हणून ते उपकार मोजतात. या पेढीचेच घ्या. मार्चच्या अखेरीस एका शेतकरी गटाचा धनादेश आला, तेव्हा खाते मर्यादेपेक्षा चार लाखांनी वर जात होते. मॅडमनी स्वतःच्या अधिकारात तो तीन दिवसांसाठी पास केला आणि नियमाप्रमाणे तसे वर कळवले. यात काहीच गैर नव्हते. पण थोरल्यांनी पत्रात लिहिले, की ‘आपण आमच्यासाठी नियम बाजूला ठेवून चेक पास केलात, हे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही’, तर एका कायदेशीर कृतीला त्यांनी आपल्याच हाताने बेकायदा रंग दिला. ते पत्र उद्या कोणाच्याही हाती पडू शकते. लिहिण्यापूर्वी एवढेच मनाशी विचारावे, की दक्षता विभागाच्या अधिकाऱ्याने हे पत्र मॅडमच्या समोर मोठ्याने वाचले, तर त्यांना मान खाली घालावी लागेल का?

मग लिहावे तरी काय? सवलतीबद्दल आभार मानण्याऐवजी शिस्तीबद्दल मानावेत. प्रत्येक चांगल्या अधिकाऱ्याने पक्षकाराला कधी ना कधी नकोशी वाटणारी, पण पुढे उपयोगी पडलेली गोष्ट करायला लावलेली असते. या पेढीचे दुसरे गोदाम नदीच्या बाजूला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले होते, हे तिथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मॅडम मालाची पाहणी करायला आल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की स्टॉक स्टेटमेंटमध्ये दोन गोदामांचा माल दाखवला आहे, विम्याच्या पॉलिसीत मात्र एकाच गोदामाचा पत्ता आहे. विमा असतो तो पॉलिसीत लिहिलेल्या जागेवरील मालाचा. पत्ताच नसेल तर हप्ता कितीही भरला तरी त्या दुसऱ्या गोदामातील पोत्यांचा दावा लढवत बसावे लागते. मॅडमनी पंधरा दिवसांची मुदत दिली आणि पत्ता जोडून घ्यायला लावला. त्या वेळी थोरल्यांना ती कटकट वाटली होती. पत्राला आशय द्यायचा तो इथून.

असे पत्र साधारण पुढीलप्रमाणे होईल:

‘आदरणीय मॅडम, सप्रेम जय जिनेंद्र. चीफ मॅनेजरपदी आपली निवड झाल्याचे काल कळले. घरातील सर्वांना आनंद झाला. गेल्या वर्षी आपण मालाची पाहणी करण्यास आला होता, तेव्हा नदीकाठच्या गोदामाचा पत्ता विम्यात नाही हे आपण दाखवून दिलेत. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हांला ते जाचक वाटले होते. आता मात्र आमचे चिरंजीव दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट करण्यापूर्वी पॉलिसी काढून बसतात. ही सवय आपल्यामुळे लागली. नव्या जागी आपले व आपल्या घरच्यांचे बस्तान लवकर बसावे, ही सदिच्छा. या पत्रास उत्तर पाठविण्याची तसदी घेऊ नये.’

यातले शेवटचे वाक्य लहान असले तरी मोलाचे आहे. बढतीच्या आठवड्यात अधिकाऱ्यावर शंभर जणांचे आभार मानण्याचे ओझे असते; ते आपल्यापुरते उतरवून घेतले, की पत्र निव्वळ देणे राहते. जुन्या वळणाच्या लोकांना ‘स. न. वि. वि.’ असा मायना घालण्याची सवय असते. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. पूर्वीच्या व्यापारी पत्रांत काही ना काही मागणे असायचेच, त्याची ही खूण म्हणायला हरकत नाही. या एका पत्रातून ‘विनंती’ वगळावी!

पत्रात घरच्यांच्या बस्तानाचा उल्लेख का, हेही सांगायला हवे. बँकेतील बढती म्हणजे बहुधा बदली. यादी लागते तेव्हा पद कळते. गाव पुढच्या आदेशाने कळते, आणि ते गाव पाचशे किलोमीटरांवरही असू शकते. मुलगा दहावीत, सासूबाईंचे औषधपाणी सांगलीच्या डॉक्टरांकडे, यजमानांची नोकरी इथलीच, अशा घरात यादीच्या रात्री पेढ्यांबरोबर चिंताही येते. काही अधिकारी याच कारणाने बढतीच्या परीक्षेला बसत नाहीत. अशा वेळी ‘आता काय, मोठ्या साहेब झालात, मजा आहे!’ हे वाक्य कानाला खरखरीत लागते. मात्र मुलाच्या दहावीचा उल्लेख पत्रात करू नये, जोपर्यंत त्यांनी स्वतः ती गोष्ट सांगितलेली नाही. शिपायाकडून कळलेली घरगुती माहिती पत्रात आली, की आपुलकीच्या जागी पाळत वाटते. ‘घरच्यांचे बस्तान’ एवढ्या मोघम शब्दांत हवे ते सारे येऊन जाते.

प्रत्यक्ष भेट टाळावी असे नाही. सांगलीसारख्या गावात शाखेसमोरून रोज जाऊन वर न जाणे उलट तुटक दिसेल. फक्त ती दुपारी, काउंटरची गर्दी ओसरल्यावर, एकट्याने, पाच मिनिटांची असावी. चहा आला तर घ्यावा. पेढे न्यायचेच असतील तर ते मॅडमच्या नावाने न नेता शाखेसाठी न्यावेत आणि सर्वांसमोर ठेवावेत. आणि आत जाताना एका टेबलाकडे लक्ष असू द्यावे. त्याच परीक्षेला त्याच शाखेतील दुसरा अधिकारीही बसलेला असू शकतो, आणि त्याचे नाव यादीत नसते. अनेकदा तो कर्ज विभागातलाच असतो, म्हणजे नूतनीकरणाचे टिपण तोच लिहिणार असतो. काउंटरवरूनच मोठ्या आवाजात ‘मॅडम, अभिनंदन!’ म्हणत आत शिरणाऱ्या पक्षकाराला तो विसरत नाही. त्याचे सांत्वन करायला जाऊ नये, ते त्याहून बोचते. त्याच्याशी नेहमीसारखे, नेहमीच्या आदराने, कामाचे बोलावे. आपल्या शास्त्रांनी मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य अशा चार भावना सांगितल्या आहेत. गुणवंताला पाहून होणारा आनंद म्हणजे प्रमोद, म्हणून अभिनंदन हे त्याचेच व्यवहारातले रूप म्हणता येईल. शाखेच्या त्या खोलीत मात्र एका टेबलाशी प्रमोद हवा आणि शेजारच्या टेबलाशी कारुण्य, तेही न दाखवता.

बातमी खात्रीची आहे का, हेही आधी पाहिलेले बरे. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, की यार्डात ‘झाल्याच आता’ अशी आवई उठते. यादी लागण्यापूर्वी केलेले अभिनंदन चुकले, तर त्याचे स्पष्टीकरण कोणालाच देता येत नाही. पदाचे नावही विचारून घ्यावे. चीफ मॅनेजरला असिस्टंट जनरल मॅनेजर लिहिणे कानाला गोड वाटते, पण वाचणाऱ्याला त्यात अज्ञान तरी दिसते किंवा खुशामत तरी.

व्यवहारातील माणूस खाजगी कंपनीचा असेल, समजा मसाल्याच्या कंपनीचा खरेदी अधिकारी, आणि त्याला कंपनीचा वार्षिक पुरस्कार मिळाला असेल, तर थोडे निराळे धोरण चालते. पुष्कळ कंपन्यांत भेटवस्तूंसंबंधी स्वतःचे नियम असतात, म्हणून तिथेही हात आखडताच बरा. पण तिथे एक गोष्ट करता येते, जी बँकेत सहसा करू नये: त्याच्या वरिष्ठांना चार ओळी लिहिता येतात. ‘यांनी आर्द्रता मोजण्याची पद्धत आम्हांला नीट समजावली, त्यामुळे आमचा माल परत येण्याचे प्रमाण घटले’, असे एक खरे वाक्य त्या माणसाला कोणत्याही घड्याळापेक्षा अधिक उपयोगी पडते. मात्र त्याच महिन्यात दरवाढीची बोलणी चालू असतील, तर पत्र बोलणी संपेपर्यंत ठेवून द्यावे. उशिरा आलेल्या चांगल्या पत्राबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

पुन्हा सांगलीकडे. पत्र पोचले, त्याचे काय झाले हे कसे ओळखावे? ‘धन्यवाद’ एवढेच उत्तर आले, तर ते इतरांना गेले तसेच आपल्याला आले. ‘आता चिरंजीवांना म्हणावे, पॉलिसी संपण्याची तारीखही पाहत जा’, असे काही आले, तर पत्र वाचले गेले. काहीच आले नाही, तर तेही ठीक. उत्तर नको असे आपणच लिहिले आहे. ‘पत्र मिळाले ना?’ अशी विचारणा करून त्यावर पाणी ओतू नये.

खरी कसोटी यानंतर लागते. मॅडम नव्या गावी रुजू होतात, शाखेत नवे साहेब येतात. आणि काही महिन्यांत नूतनीकरणात एखादी अडचण निघते. थोरल्यांचा हात आपोआप फोनकडे जातो: ‘मॅडम, तुम्ही जरा नव्या साहेबांना सांगा ना.’ हा फोन केला, की त्या सुंदर पत्राचा अर्थ मागाहून बदलतो. ते पत्र या फोनसाठीच होते, असे मॅडमना वाटल्यावाचून राहणार नाही. त्यातून त्यांची नेमणूक क्षेत्रीय कार्यालयात झाली असेल आणि याच शाखेची प्रकरणे त्यांच्याकडे मंजुरीला जात असतील, तर हा फोन त्यांना सर्वांत अवघड जातो; ओळख असल्यामुळेच त्यांना अधिक कडक राहावे लागते. खात्याची अडचण नव्या साहेबांकडेच न्यावी, आणि नेताना ‘पूर्वीच्या मॅडम असे चालवून घेत होत्या’ हे वाक्य घरी ठेवून जावे. नव्या साहेबांना त्यात दोन गोष्टी ऐकू येतात: तुम्ही कमी आहात ही एक, आणि पूर्वी इथे ढिलाई होती ही दुसरी. ज्यांचे अभिनंदन केले त्यांच्यावरच असा ठपका ठेवून यायचे, तर ते पत्र न लिहिलेले बरे होते.

नाते ऊबदार ठेवायचे ते मागणे नसलेल्या दोन-चार निरोपांनी. दिवाळीला एक पत्र, त्यात कामाचे काही नाही. नव्या हंगामात आवक कशी आहे, राजापुरीला भाव काय निघाला, हे दोन ओळींत. तीन वर्षे ज्यांनी हळदीच्या खात्यांवर सह्या केल्या, त्यांना त्या बाजाराचे कुतूहल राहतेच, आणि नव्या गावातल्या कापसाच्या किंवा सोयाबीनच्या फाइलींमध्ये ते पत्र आले तर त्या ते दोनदा वाचतील. एखाद्या पावसाळ्यात नदीकाठच्या गोदामाच्या उंबऱ्याशी पाणी येऊन परत गेले, तर तेही कळवावे: माल वर उचलून ठेवला होता, आणि पॉलिसीत पत्ता होता.